आरशातली मागची भिंत

नव्या घराचं बाथरूम कसं दिसेल हे दाखवणारं संगणकचित्र, म्हणजे ज्याला आपण ‘थ्रीडी’ म्हणतो ते, हातात आलं की नजर आधी टाइल्सवर आणि बेसिनवर जाते. ती आधी आरशावर जायला हवी. चित्रातल्या बाकीच्या वस्तू कॅमेऱ्याच्या समोर असतात. आरशात मात्र कॅमेऱ्याच्या पाठीमागची खोली दिसते, आणि चित्रकाराने खोली पुरी बांधली आहे की नाही, ते तिथे कळतं.

8 फूट लांबीचं एक बाथरूम घेऊ. एका टोकाच्या भिंतीवर बेसिन आणि आरसा, दुसऱ्या टोकाला साडेसहा फूट उंचीचं दार, आणि कॅमेरा आरशापासून 5 फुटांवर. वस्तू सपाट आरशापुढे जितकी दूर, तितकीच तिची प्रतिमा आरशामागे, हे आपण शाळेत शिकलो आहोत. म्हणजे दाराची प्रतिमा आरशामागे 8 फुटांवर, आणि कॅमेऱ्यापासून 13 फुटांवर पडते. 5 आणि 13 या अंतरांच्या प्रमाणात दार लहान दिसतं, त्यामुळे साडेसहा फुटी दार आरशावर बरोबर अडीच फूट जागा व्यापेल. कॅमेरा साडेचार फूट उंचीवर आणि आरशाची खालची कड जमिनीपासून 3 फुटांवर असेल, तर दाराचा तळाचा सुमारे 7 इंच भाग आरशात दिसणारच नाही.

संगणक हे दोन रीतींनी साधतो. पहिली रीत किरण-अनुरेखनाची, म्हणजे ‘रे ट्रेसिंग’ची. चित्राच्या प्रत्येक ठिपक्यातून कॅमेऱ्याचा एक किरण खोलीत सोडायचा. तो आरशावर आदळला की ज्या कोनात आला त्याच कोनात परतवायचा आणि पुढे जिथे पोहोचेल तिथला रंग त्या ठिपक्याला द्यायचा. बेल लॅब्जमधल्या टर्नर व्हिटेड यांनी 1980मध्ये आपल्या शोधनिबंधात ही परतणाऱ्या किरणांची पद्धत मांडली.

दुसरी रीत घरातून फिरवून आणणाऱ्या हलत्या चित्रांत वापरतात, कारण तिथे वेळ कमी असतो. आरशामागे 5 फुटांवर दुसरा कॅमेरा ठेवायचा आणि आरसा जणू खिडकी आहे असं समजून त्यातून खोलीकडे बघायचं. त्या कॅमेऱ्याच्या आणि काचेच्या मध्ये येणारी भिंत मात्र वगळावी लागते, नाहीतर आरशात फक्त विटाच दिसतील. याहून स्वस्त एक युक्ती आहे: पडद्यावर जे आधीच रेखाटलं गेलंय तेवढंच प्रतिबिंबात पुन्हा वापरायचं. तिच्यात बेसिनवरचा नळ प्रतिबिंबात येऊ शकतो, पण दार येऊच शकत नाही, कारण ते मुळात पडद्यावर नसतं.

तरीही सगळ्यांत जास्त आढळणारी चूक गणिताची नसते. चित्रात दिसणार नाही म्हणून कॅमेऱ्यामागची भिंत उभीच केलेली नसते, किंवा कॅमेरा मागे सरकवायला जागा हवी म्हणून ती काढून टाकलेली असते. किरण आरशावरून नियमानुसार परततो, पण मागे काहीच नसल्यामुळे थेट मोकळ्या आकाशात जातो. मग आरशात दाराऐवजी करडा किंवा निळसर पट्टा दिसतो. कपाटाच्या आरशाच्या दारात तर तो पुरुषभर उंचीचा असतो.

प्रतिबिंब भूमितीने बरोबर आहे का, हे फूटपट्टीने तपासता येतं. नळाचं टोक आणि आरशातलं त्याचंच टोक जोडणारी रेष काढा. साबणदाणीची, टॉवेलच्या दांडीचीही काढा. या रेषा प्रत्यक्षात आरशाला लंब, म्हणून एकमेकींना समांतर असतात. चित्रात मात्र त्या वाढवल्या की एकाच बिंदूत मिळायला हव्यात (समोरची भिंत तिरकी दिसत असेल, तर तो बिंदू आरशाबाहेरही पडू शकतो). कॅमेऱ्याच्या जागी तुम्ही उभे असता, तर तुमच्या डोळ्याचं प्रतिबिंब त्याच बिंदूवर पडलं असतं. जेम्स ओब्रायन आणि हॅनी फरीद यांनी 2012मध्ये खोटी छायाचित्रं ओळखण्यासाठी याच गुणधर्माचा उपयोग दाखवला.

रेषा एका बिंदूत मिळाल्या, तरी आरशात दार आहे ना, हे वेगळं पाहावंच लागतं. भिंत नसेल तर त्या भगदाडातून चित्रात उजेडही आत येतो. जिथे एक छोटी झरोक्याची खिडकी आहे, ते बाथरूम कागदावर लख्ख दिसतं. तो उजेड पाहूनच गडद टाइल्स निवडल्या जातात, आणि घर बांधून झालं की तिथे दिवसाही दिवा लावावा लागतो. म्हणून आरशात दार सापडलं नाही, तर डिझायनरला सांगावं, ‘मागची भिंत उभी करून पुन्हा द्या.’ टाइल्सचा रंग त्या दुसऱ्या चित्रावरून ठरवावा.