गुऱ्हाळाचं बजेट : एका दिवसाचा हिशेब

दौंड तालुक्यातल्या केडगाव-यवत पट्ट्यातलं एखादं गुऱ्हाळ उदाहरणादाखल घेऊ.

उत्पादन : रोज २० टन ऊस, टनाला ३,००० रुपये, म्हणजे ६०,०००. मजुरी, जळण, वीज १५,०००. उतारा ११ टक्के धरला तर गूळ २,२०० किलो. किलोला ३८ रुपयांनी ८३,६०० रुपये. उरले ८,६००, कर्जाचा हप्ता यातूनच.

खेळतं भांडवल : ऊस रोखीने घेतला आणि व्यापाऱ्याचे पैसे १५ दिवसांनी आले, तर सव्वाअकरा लाख हाताशी हवेत.

धोका : तोडून पडून राहिलेल्या उसाचा उतारा घटतो. तो १० टक्क्यांवर आला, की २०० किलो गूळ कमी आणि शिल्लक फक्त हजार रुपये. म्हणून बजेट १० टक्क्यांवरच मांडा आणि ऊस-गूळ दोन्ही रोज वजन करून लिहा.