बल्ब वारंवार जातो, बॅटरी तापते : दोष कुठे शोधावा?

आपल्या पेशातील अनेक बंधू कापडाचे गठ्ठे मोटारसायकलवर बांधून आठवडे बाजार करतात. परतताना रात्र होतेच. लासुर्णे परिसरात उसाचा हंगाम सुरू झाला की बारामती-इंदापूर रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते आणि कित्येक ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो. अशा रस्त्यावर आमच्या गाडीचा पुढचा दिवा एकाएकी विझला. ब्रेक वेळेवर लागला म्हणून आम्ही वाचलो.

दीड महिन्यातला हा तिसरा बल्ब होता. पहिल्या वेळी बल्ब हलका निघाला असे समजून आम्ही चांगल्या प्रतीचा घेतला. दुसऱ्या वेळी बॅटरी हात ठेववणार नाही इतकी तापलेली आढळली, तिच्यातले पाणीही उतरले होते. मिस्त्री म्हणाले, बॅटरी संपली. नवी बसवली. पंधरा दिवसांत तीही तापू लागली आणि तिसरा बल्ब गेला. तेव्हा उमगले की बॅटरी गुन्हेगार नव्हती, तीच मार खात होती.

इंजिन फिरते तसा मॅग्नेटो वीज तयार करतो. इंजिनाचा वेग वाढला की तिचा दाबही वाढतो. ही वीज एसी असते, बॅटरीला डीसी लागते. एसीची डीसी करणे आणि दाब ठराविक मर्यादेत रोखणे ही दोन्ही कामे एकच डबी करते. तिला रेग्युलेटर रेक्टिफायर म्हणतात, गॅरेजवाले नुसते रेग्युलेटर. रोखण्याचे काम बंद पडले की जादा वीज बॅटरीत घुसते. तिथे पाण्याचा वायू होऊन उडतो, बॅटरी तापते, फुगते, सडक्या अंड्यासारखा वास येतो. हा वायू पेट घेणारा असतो, म्हणून जवळ विडी-काडी नको. बल्बचे तर दाब दहा टक्के वाढला तरी आयुष्य साधारण एक तृतीयांश उरते.

तपासणीला साधे मीटर पुरते. ते डीसी व्होल्टवर ठेवून बॅटरीच्या दोन टोकांना लावावे. आमच्या गाडीवर इंजिन बंद असताना 12.7 व्होल्ट आले, म्हणजे बॅटरी ठीक. इंजिन मंद असताना 14.2, तेही ठीक. ॲक्सिलरेटर पिळला तसा आकडा चढत 16.4 वर गेला. 12 व्होल्टच्या गाडीत तो साधारण 14.5 च्या आसपास थांबला पाहिजे. 15 च्या वर गेला तर जादा चार्जिंग समजावे. मंद इंजिनावर दोष दिसला नाही, हे ध्यानात ठेवावे. गॅरेजमध्ये बहुधा तेवढेच पाहून गाडी परत देतात. उलट बॅटरी तापते, पण आकडा चढतच नाही, असे असेल तर बॅटरीतच दोष असू शकतो.

आकडा जास्त आला म्हणून लगेच रेग्युलेटर विकत घेऊ नये. आधी त्याची अर्थिंग पाहावी. गज नकळत लांब झाला तर आपण एक गज मोजतो आणि कापड जास्त जाते. तसेच अर्थिंगला गंज चढला की रेग्युलेटरला दाब खऱ्याहून कमी दिसतो आणि तो जास्त वीज सोडतो. इंजिन चालू ठेवून मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरे रेग्युलेटरच्या अर्थिंगला लावावे. आकडा जवळजवळ शून्य हवा. 0.2 च्या वर असेल तर बोल्ट व तार घासून साफ करावी आणि पुन्हा मोजावे. कनेक्टर जळका किंवा हिरवट आहे का, तेही पाहावे. आमच्याकडे 0.05 आले, कनेक्टरही स्वच्छ होता. म्हणून रेग्युलेटर बदलला. त्यानंतर कितीही पिळले तरी आकडा 14.3 वर थांबला. तेव्हापासून बल्ब टिकला आहे.

काही जुन्या गाड्यांत पुढचा दिवा बॅटरीवर नसून थेट एसीवर चालतो. चावी फिरवली, इंजिन बंद आहे आणि दिवा लागत नाही, तर बहुधा तशी गाडी समजावी. तिथे बॅटरीवरचा आकडा दिव्याबद्दल काही सांगत नाही. बल्बच्या होल्डरवर मीटर एसीला लावून वेगळे मोजावे लागते.

एक खबरदारी घ्यावी. चालू इंजिनावर बॅटरीची तार कधी काढू नये. दाब एकदम उसळून उरलेले बल्ब आणि चांगला रेग्युलेटरही जातो. नवा रेग्युलेटर बसवल्यावर जुनी बॅटरीही तपासून घ्यावी. फुगली असेल तर ती पुन्हा वापरू नये.

आम्ही तीन बल्ब आणि एका बॅटरीचे पैसे घालवल्यावर मीटर लावले. बंधूंनी दुसरा बल्ब जाताच लावावे, तेही इंजिन पिळून.