नंबरप्लेटवरचे दोन आकडे

मंचर मागे पडलं होतं. नारायणगाव पंधरा-वीस मिनिटांवर. पुढच्या ट्रकची नंबरप्लेट सहज वाचायला गेलो, तर चारपैकी मधले दोन आकडे नव्हतेच. ते पुसले गेले नव्हते, त्यांवर चिखलही नव्हता. शेवटच्या आकड्याकडे पाहिलं, तर तो नाहीसा झाला आणि मधले परत आले. डोकं अजिबात दुखत नव्हतं. म्हणूनच पहिला विचार आला तो असा, की दुखायला लागायच्या आत घर गाठू.

हा विचार चुकीचा का, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. अर्धशिशीच्या काही रुग्णांना दुखणं सुरू होण्याआधी ‘ऑरा’ येतो. मेंदूच्या मागच्या भागात, जिथे दृष्टीचं काम चालतं, तिथे पेशींच्या खळबळीची एक लाट उठते आणि मिनिटाला साधारण तीन मिलिमीटर या संथ गतीने पुढे सरकते. तिच्या मागे पेशी काही काळ गप्प होतात. त्यामुळे नजरेच्या मध्याजवळ एक ठिपका विरतो, मग त्याला चमचमती नागमोडी कड येते आणि पाच ते साठ मिनिटांत ती पसरत बाजूला जाते. एक डोळा झाकून उपयोग नसतो, कारण बिघाड डोळ्यात नसून मेंदूत असतो आणि दोन्ही डोळ्यांची तीच बाजू जाते.

म्हणजे ‘वीस मिनिटांत पोहोचतो’ म्हणणारा माणूस नेमकी तीच वीस मिनिटं गाडी चालवत असतो, ज्यांत ते भोक वाढत जातं.

शिवाय ते भोक काळं दिसत नाही. मेंदू आजूबाजूचा रस्ता, डांबर, आभाळ वापरून तिथे ठिगळ लावतो. हात लांब करून अंगठा डोळ्यांसमोर धरा. तेवढ्या रुंदीच्या भोकात वीस मीटरवरची मोटारसायकल जवळजवळ पूर्ण मावते, आणि तिच्या जागी आपल्याला मोकळा रस्ता दिसतो. ताशी साठच्या वेगाने हे वीस मीटर सव्वा सेकंदात संपतात. वेदना सहन करत गाडी चालवणाऱ्याला निदान आपल्याला बरं नाही हे कळत असतं. इथे आपल्याला काही दिसत नाहीये हेच कळत नाही.

म्हणून माझा नियम नंबरप्लेटचा. एक जरी आकडा गळाला किंवा लुकलुकला, तरी प्रवास तिथेच थांबला असं समजायचं. इंडिकेटर देऊन, हळूहळू डावीकडे, रस्त्यापासून दूर. लाट संथ असते हीच काय ती मेहेरबानी: पंप किंवा ढाबा गाठायला सहसा दोन-तीन मिनिटं मिळतात. घर गाठण्याएवढी नाही.

भोसरीत पॉवर प्रेसवर असलेल्या माझ्या मावसभावाला नजरेपाठोपाठ बोटांत मुंग्या येतात, मग त्या हातावरून ओठांपर्यंत चढतात. यंत्रावर हा प्रकार जास्त वाईट. पत्रा नीट बसला की नाही हे बोटांनाच कळायचं असतं, आणि बोटं कुठे आहेत तेच कळेनासं होतं. तो आता पहिल्या चमकेलाच मशीन बंद करतो आणि सुपरवायझरला सांगतो, “साहेब, अर्धा तास मला दिसणार नाही.” ‘डोकं दुखतंय’ म्हटल्यावर गोळी मिळायची, हे वाक्य म्हटल्यावर बदली माणूस मिळतो.

मी ढाब्याच्या अंगणात गाडी लावून बसलो. पंचवीस मिनिटांनी नागमोडी कड उजवीकडून निघून गेली, समोरच्या पाटीवरची अक्षरं जागेवर आली. इथे दुसरी चूक होते. नजर परतली म्हणजे झटका संपला असं नसतं. बहुधा तेव्हाच खरं दुखणं सुरू होतं. समोरच्या गाडीचा अप्पर डोळ्यांत सुईसारखा घुसतो, मळमळतं, मान वळवून आरसा पाहणं टाळलं जातं. दुखणं थांबल्यावरही कधीकधी दिवसभर डोकं जड आणि मंद राहतं. त्यात औषधं. उलटीवरच्या काही गोळ्यांनी चांगलीच गुंगी येते, ट्रिप्टान गटातल्या गोळ्यांनीही काहींना झापड येते. लास्मिडिटान या नव्या औषधाला 2019 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, ती घेतल्यावर निदान आठ तास वाहन किंवा यंत्र चालवू नये या ताकिदीसह. कारण चाचणीत लोकांना आपण धड चालवतोय की नाही याचाच अंदाज येत नव्हता. नवी गोळी पहिल्यांदा घ्यायची ती घरी, सुट्टीच्या दिवशी.

आपला मोटार वाहन कायदाही, कलम 186 मध्ये, दुखण्यामुळे आपलं चालवणं लोकांना धोक्याचं आहे हे ठाऊक असून गाडी हाकणं गुन्हा मानतो. ‘माहीत असून’ हा भाग अर्धशिशीवाल्यांनी वाचून ठेवावा.

एक गोष्ट मात्र वाट पाहण्याची नाही. आयुष्यात पहिल्यांदाच असं झालं, पडदा पडावा तशी नजर एकदम गेली, हात-पाय लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं, तर अर्धशिशी समजून बसू नये. तो पक्षाघात असू शकतो. 108 ला फोन करावा.

मी भावाला फोन केला. तो नारायणगावहून एसटीने आला, किल्ली घेतली आणि वाटेत एवढंच म्हणाला, “दादा, गॉगल लाव आणि डोळे मीट.”