आधी अंतरपाट पांढरा, मग मागचा पंखा

मंगल कार्यालयातला एक फोटो घ्या. मंगलाष्टकं चालू आहेत आणि छतावरचे हॅलोजन पेटलेले आहेत. सकाळी अंगणात काढलेल्या फोटोंसाठी ‘डेलाइट’वर ठेवलेलं कॅमेऱ्याचं व्हाइट बॅलन्स बदलायचं राहून गेलं. त्यामुळे अंतरपाट गर्द पिवळा आलाय. दिव्याखाली उभ्या नवरीचा लाल शालू एकसंध लाल डाग झालाय, मागची पाहुण्यांची रांग अंधारात बुडालीय आणि नवरदेवाच्या खांद्यामागे एक उंच पंखा डोकावतोय. घरच्यांचा आग्रह एकच असतो: तो पंखा काढा.

पंखा काढणं आता अवघड राहिलेलं नाही. फोटोशॉपमध्ये २०२३ साली जनरेटिव्ह फिल आलं. पंख्याभोवती खूण केली की त्या जागी नवी भिंत तयार होते. पण ही भिंत आजूबाजूचे रंग पाहून रंगवली जाते. शेजार पिवळा आणि अंधारा असेल, तर नवा तुकडाही पिवळा आणि अंधाराच येतो. म्हणून आधी रंग आणि उजेड सुधारायचा, पंख्याला हात नंतर लावायचा. ही सुधारणा कितपत साधेल, ते फोटो रॉ आहे की जेपेग यावर ठरतं.

रॉ म्हणजे सेन्सरवर पडलेल्या प्रकाशाची जवळपास जशीच्या तशी नोंद. तिच्यात व्हाइट बॅलन्स ही फक्त सोबतची टीप असते. चित्र तयार करताना लाल आणि निळ्या आकड्यांना किती पटीनं वाढवायचं, एवढंच ती सांगते. ‘डेलाइट’वर लाल आकडे, कॅमेऱ्याप्रमाणे कमीजास्त, साधारण दीड ते दोन पटीनं वाढवले जातात. हॅलोजनच्या उजेडात लाल आधीच भरपूर असतो. त्यात ही वाढ झाली की शालूतला लाल २५५ या कमाल आकड्यावर जाऊन आदळतो आणि जर, घड्या, बुट्टे सगळं सपाट होतं.

जेपेगमध्ये हा गुणाकार कायमचा झालेला असतो. नंतर रंग थंड केला तरी बुट्टे परतत नाहीत, लाल डाग फक्त थोडा फिका होतो. रॉमध्ये पट बदलता येते. खुद्द सेन्सरवर लाल जळलेला नसेल, तर शालूची वीण पुन्हा दिसू लागते.

अंधाऱ्या रांगेचंही तसंच. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. दोन स्टॉप उजळणं म्हणजे प्रकाश चौपट करणं. जेपेगच्या काळोखात मोजक्याच पायऱ्या शिल्लक असतात. त्या ताणल्या की चेहऱ्यांवर पट्टे आणि चौकोनी ठिगळं दिसू लागतात. रॉमध्ये चेहरे बऱ्यापैकी निघतात, नॉइज मात्र वाढतो. हॅलोजनमध्ये निळा प्रकाश तुटपुंजा असल्यानं तोच सगळ्यात जास्त वाढवावा लागतो आणि नॉइजही त्यातच अधिक दिसतो.

कॅमेरा रॉ किंवा लाइटरूममध्ये फोटो उघडला की व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर घेऊन अंतरपाटाच्या सारख्या उजळलेल्या भागावर क्लिक करावं. कुंकवाचं स्वस्तिक टाळावं, अगदी जळून पांढरा झालेला कोपराही टाळावा. कापड मुळातच सायीच्या रंगाचं असेल तर सगळा फोटो निळसर होईल. तेव्हा कोणाचा तरी पांढरा सदरा शोधावा. हळद लागलेल्या चेहऱ्यांवरून रंग ठरवण्याच्या फंदात मात्र पडू नये! त्यानंतर एक्स्पोजर पाहावं आणि मागची रांग शॅडोच्या पट्टीनं उचलावी. पट्टी सरकवताना ऑल्टची कळ दाबून धरली की जळलेले भाग वेगळे दिसतात. खिडकीतून दिवसाचा उजेड येत असेल, तर एकच आकडा सगळ्या फोटोला लागू पडत नाही. त्या बाजूला मास्क लावून वेगळा रंग द्यावा लागतो.

नॉइजही इथेच कमी करायचा. पंख्याच्या जागी आलेली भिंत बहुधा गुळगुळीत असते. आधी पंखा काढला आणि मग काळोख उचलला, तर खऱ्या भिंतीवर रवाळ दाणे उठतात आणि नवा तुकडा मधोमध घोटल्यासारखा दिसतो. फोटो शंभर टक्क्यांवर पाहिला की चूक लगेच सापडते. आणखी एक फसगत अशी की नवा तुकडा वेगळ्या लेअरवर असतो. खालच्या रॉचं व्हाइट बॅलन्स नंतर बदललं, तर भिंत पांढरी होते आणि पंख्याच्या आकाराचा पिवळा डाग तिच्यावर तसाच राहतो. अशा वेळी तो लेअर पुसून तुकडा नव्यानं तयार करणं हाच सरळ उपाय.

हाती फक्त जेपेग असेल, तर क्रम हाच, अपेक्षा कमी. फाइल १६ बिट केल्यानं गेलेल्या पायऱ्या परत मिळत नाहीत, पुढचं काम करताना आणखी पायऱ्या तुटणं तेवढं कमी होतं. अशा फोटोत मागची रांग दोनऐवजी एकच स्टॉप उचलून थोडी अंधारीच ठेवलेली बरी. पट्टे कमी उमटतात, आणि नव्या भिंतीचा सांधाही सहज लपतो.