माउस न हलवता पडद्याची वाटणी

सोसायटीचा हिशेब जुळवायचा आहे. एका खिडकीत बँकेचं स्टेटमेंट, दुसरीत एक्सेलची वही. रक्कम वाचायला एक खिडकी पुढे आणायची, लिहायला दुसरी. या येरझाऱ्यांतच आकडे चुकतात. दोन्ही शेजारी-शेजारी मांडल्या, की प्रश्न मिटतो. विंडोज ११ मध्ये त्याला दोन बोटं पुरतात.

कीबोर्डवर डावीकडे खाली चार चौकोनांचं चिन्ह असलेली कळ म्हणजे विंडोज की. स्टेटमेंट उघडा, ती कळ दाबून धरा आणि डावा बाण दाबा. स्टेटमेंट डाव्या अर्ध्यात बसेल आणि उजवीकडे उरलेल्या खिडक्यांची छोटी चित्रं दिसतील. बाणांनी एक्सेलवर जाऊन Enter दाबा. उरलेला अर्धा भाग तिला मिळेल. एक्सेलला जास्त रुंदी हवी असेल तर मधली कड माउसने सरकवा, दोन्ही खिडक्या एकदमच लहानमोठ्या होतात. तीन-चार खिडक्या मांडायच्या असतील तर Win + Z दाबा. मांडणीचे नमुने समोर येतील, त्यातला एक निवडायचा. मात्र काही प्रोग्राम ठराविक रुंदीपेक्षा आकसत नाहीत. लहान लॅपटॉपवर चार खिडक्यांचा हट्ट धरू नये. बाण दाबूनही काहीच घडलं नाही, तर सेटिंग्जमध्ये System, मग Multitasking उघडून Snap windows चालू आहे का ते पाहा.

आता मध्येच सभासदांच्या ईमेलला उत्तर द्यायचं आहे, पण मांडलेला हिशेब मोडायचा नाही. Win + Ctrl + D दाबा. समोर कोरा डेस्कटॉप येईल. जणू शेजारी दुसरं रिकामं टेबल मांडलं. ईमेल तिथे उघडा. Win + Ctrl + डावा बाण दाबला की हिशेबाकडे, उजवा बाण दाबला की पुन्हा ईमेलकडे.

नवशिक्यांचा जीव इथेच घाबरा होतो: एक्सेल गेलं कुठे? टास्कबारवर सहसा चालू डेस्कटॉपच्याच खिडक्या दिसतात, म्हणून ते नाहीसं झाल्यासारखं वाटतं. Win + Tab दाबलं की खाली सगळे डेस्कटॉप एका रांगेत दिसतात. काम झाल्यावर Win + Ctrl + F4 ने चालू डेस्कटॉप बंद करा. त्यावरच्या खिडक्या बंद होत नाहीत, शेजारच्या डेस्कटॉपवर जातात. नुसतं Alt + F4 दाबलं, तर मात्र पुढची खिडकीच बंद होईल.

आणि ईमेल पाठवताना वायफाय तुटलं तर? Win + A दाबा. उजव्या कोपऱ्यात वायफाय, ब्लूटूथ, आवाज आणि लॅपटॉप असेल तर पडद्याचा उजेड यांचा फलक उघडतो. बाणांनी हव्या बटणावर जा, स्पेसबारने चालू-बंद करा आणि Esc ने फलक मिटवा. विंडोज १० वर याच कळांनी सूचनांसकट अॅक्शन सेंटर उघडतं. विंडोज ११ मध्ये सूचना वेगळ्या ठेवल्या आहेत. त्यांच्यासाठी Win + N.