दांडीवरच्या दोन रेघा

पेट्रोल पंपाच्या कडेला, गाडी साइड स्टँडवर टेकवून, ऑइलची दांडी बाहेर काढून बघणारी माणसं नेहमी दिसतात. दांडी जवळजवळ कोरडी निघते आणि मग शेजारच्या दुकानातून घाईघाईने ऑइल आणून ओतलं जातं. या गाड्यांमध्ये अनेकदा ऑइल पुरेसं असतं, आणि त्या ओतण्यामुळे चांगल्या इंजिनाला त्रास सुरू होतो.

दांडीवर खाली-वर दोन रेघा असतात. वरची जास्तीत जास्त पातळी दाखवते आणि खालची कमीत कमी. काही गाड्यांना रेघांच्या मध्ये जाळीची नक्षी असते. गाडी सपाट जमिनीवर सरळ उभी आहे, इंजिन चालवून बंद केलं आहे आणि ऑइल खाली उतरायला थोडा वेळ दिला आहे, असं धरून कंपनीने या रेघा आखलेल्या असतात. यातली एक गोष्ट जरी बदलली, तरी त्या रेघांवरून काहीच ठरवता येत नाही.

साइड स्टँडचं उदाहरण घ्या. त्यावर गाडी डावीकडे कलते. आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींची दांडी इंजिनाच्या उजव्या बाजूला असते. गाडी डावीकडे कलली की आतलं ऑइल डावीकडे जमतं आणि उजवीकडची पातळी उतरते. समजा, दांडीचं भोक इंजिनाच्या मध्यापासून ८ सेंटिमीटर उजवीकडे आहे आणि गाडी १० अंशांनी कलली आहे. तेवढ्यानेच त्या जागची पातळी साधारण १४ मिलिमीटर खाली जाते. लहान इंजिनाच्या दांडीवरच्या दोन रेघांमधलं अंतर बहुतेक वेळा याहून कमी असतं. म्हणजे ऑइल वरच्या रेघेपर्यंत भरलेलं असलं तरी साइड स्टँडवर दांडी रिकामी दिसणार. पंपावर होतं ते नेमकं हेच.

दुसरी चूक याच्या उलट दिशेची आहे आणि मला ती जास्त धोक्याची वाटते. दांडी झाकणालाच जोडलेली असते आणि झाकणाला आटे असतात. होंडा, हीरो आणि इतर बऱ्याच गाड्यांमध्ये तपासताना ते आटे आवळायचे नसतात, झाकण नुसतं भोकावर टेकवायचं असतं. आवळलं तर दांडी आट्यांच्या उंचीइतकी जास्त खोल बुडते आणि ऑइल कमी असूनही रेघ भिजते. मालक निश्चिंत होतो आणि इंजिन कोरडं पडत जातं. व्हेस्पासारख्या काही गाड्यांमध्ये मात्र झाकण पूर्ण फिरवून बसवायचं असतं. त्यामुळे आपल्या गाडीची पद्धत एकदा गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत बघून घ्यावी.

आता तपासणी. गाडी सपाट जागेवर डबल स्टँडवर लावा. पार्किंगमधली फरशीसुद्धा पाणी वाहून जावं म्हणून उतरती असते, हे लक्षात घ्या. इंजिन तीन ते पाच मिनिटं रेस न करता चालू ठेवा, बंद करा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. हे थांबणं टाळू नका, कारण इंजिन चालू असताना ऑइलचा पंप ते वर हेडपर्यंत चढवत असतो आणि तिथून ते ओघळून खाली यायला वेळ लागतो. तेवढ्यात झाकणाच्या भोवतीची धूळ फडक्याने पुसून घ्या, नाहीतर तीच वाळू आत पडते. मग झाकण उघडा, दांडी सुती कापडाने कोरडी पुसा, परत टेकवा, बाहेर काढा आणि बघा. पहिल्यांदा काढलेल्या दांडीवर चालू इंजिनातले शिंतोडे असतात, त्यावरून काही ठरवू नये. ऑइल नवं आणि पातळ असेल तर रेघ पटकन दिसत नाही. दांडी उजेडात आडवी धरली की चकाकी कुठे संपते ते कळतं.

दांडीऐवजी इंजिनाच्या बाजूला गोल काच असलेल्या गाड्याही पुष्कळ आहेत. बजाज पल्सर आणि रॉयल एनफिल्डच्या अलीकडच्या गाड्यांना ती असते. इथेही गाडी सरळच हवी. डबल स्टँड नसेल तर एकाने हँडल धरून गाडी सरळ उभी करावी आणि दुसऱ्याने खाली वाकून काचेच्या समोरून बघावं. वरून तिरकं बघितलं तर पातळी चुकते. काच जुनी होऊन तांबूस झाली असेल तर ती काठोकाठ भरली आहे की पूर्ण रिकामी, हे कळत नाही. अशा वेळी गाडी हळूच डावी-उजवीकडे हलवा. ऑइलची कड काचेतून सरकताना दिसते.

पातळी दोन रेघांच्या मध्ये कुठेही असली तरी काही ओतायची गरज नाही. खालच्या रेघेजवळ किंवा तिच्याखाली असेल तर थोडं थोडं भरायचं. लहान स्कूटरच्या इंजिनात एकूण ऑइलच लिटरभराच्या आत असतं, त्यामुळे एका वेळी ५० ते १०० मिलिलिटरहून जास्त ओतू नका. औषधाच्या बाटलीबरोबर मिळणारा मापाचा कप यासाठी चांगला. ओतलं की इंजिन पुन्हा मिनिटभर चालवा, बंद करा, थांबा आणि मग बघा. वरची रेघ ओलांडली तर फिरणारा क्रँक ऑइल घुसळतो, त्याला फेस येतो, आणि फेसाळ ऑइल वंगणाचं काम नीट करत नाही. जास्तीचं ऑइल ब्रीदरच्या नळीतून एअर फिल्टरपर्यंत पोचतं. चुकून जास्त पडलंच, तर मोठ्या सिरिंजला बारीक नळी लावून तेवढं ओढून काढता येतं.

ऑइल कोणतं, हेही पुस्तिकेतच असतं. मोटारसायकलीचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, म्हणून तिच्या डब्यावर जासो एमए किंवा एमए२ लिहिलेलं हवं. स्कूटरचा क्लच कोरडा असल्याने तिला जासो एमबी चालतं. तेच एमबी ऑइल मोटारसायकलीत घातलं तर क्लच घसरू शकतो: रेस वाढते, पण गाडी त्या मानाने पळत नाही.

ओतल्यावर तारीख, किलोमीटर आणि माप सर्व्हिस बुकात लिहून ठेवा. धडधाकट लहान इंजिनाला दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये सहसा ऑइल घालावं लागत नाही. पुन्हा पुन्हा लागत असेल तर पार्किंगच्या जागी फरशीवर डाग पडतो का आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येतो का, ते बघा. डाग म्हणजे गळती. धूर म्हणजे ऑइल आत जळतंय, आणि ते रिंग किंवा व्हॉल्व्हच्या सीलचं काम निघालं. ऑइल काळं झालं म्हणून मात्र घाबरू नका, आतली काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे.

पातळी काही न ओतता वाढलेली दिसली तर ते ऑइल घटण्यापेक्षा वाईट. कार्बोरेटरच्या जुन्या गाडीत पेट्रोलचा कॉक रात्रभर उघडा राहिला आणि फ्लोटची सुई झिजलेली असली, तर पेट्रोल झिरपत इंजिनात उतरतं. दांडी नाकाशी धरली की वासावरून कळतं. पुराच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीचं ऑइल दूध घातलेल्या कॉफीसारखं दिसतं, ते पाण्यामुळे. हिवाळ्यात रोज अगदी जवळच्या अंतरावर फिरणाऱ्या गाडीच्या झाकणाखालीही असा थोडासा पांढरट थर येतो. तो वाफेचा असतो आणि गाडी लांब चालवली की बहुधा निघून जातो. पण दांडीवरचं ऑइलच दुधाळ असेल, किंवा त्याला पेट्रोलचा वास येत असेल, तर किक मारू नका, बटणही दाबू नका. गाडी ढकलत गॅरेजला न्या, पाणी किंवा पेट्रोल कुठून शिरलं ते शोधायला सांगा आणि सगळं ऑइल काढून नवं भरून घ्या.