रेघांचा कागद : शंभर पात्रांची कादंबरी दहा मिनिटांत कशी सांगावी

बऱ्याच बचत गटांच्या वाचन मंडळात एक पद्धत असते. जिने पुस्तक वाचून संपवलं, तिने दहा मिनिटांत ते बाकीच्या बायकांना सांगायचं. पुस्तक लहान असलं की हे सहज जमतं. पण विश्वास पाटलांची ‘पानिपत’ हातात आली की गाडी अडते. पेशवे, शिंदे, होळकर, रोहिले, जाट, अफगाण, दिल्लीचे वजीर अशी नावंच नावं. सांगणारी बाई पहिल्या पाच मिनिटांत वीस नावं घेते, ऐकणाऱ्या गोंधळतात, आणि शेवटी सगळं एका वाक्यावर येतं : “आपले हरले, होळकर पळाले.” म्हणजे एका माणसावर ठपका ठेवायचा आणि मोकळं व्हायचं. एवढी मोठी कादंबरी वाचून हाती एवढंच लागत असेल, तर वाचणारीच्या कष्टांचं चीज झालं नाही, आणि त्या माणसालाही न्याय मिळाला नाही.

यावर उपाय म्हणजे कोण कुणाच्या बाजूला, कोण कुणाच्या विरुद्ध, हे एका कागदावर रेघांनी मांडायचं. आज ‘पानिपत’ घेऊनच ते करून बघू या.

एक मोठी कार्डशीट, पेन्सिल आणि खोडरबर घ्या. वाचताना वहीच्या मागच्या पानावर नावं लिहीत जा, पण सगळी नावं कार्डशीटवर घेऊ नका. प्रत्येक नावाला एकच प्रश्न विचारा : हे माणूस गोष्टीतून काढलं, तर दुसऱ्या कुणाचा निर्णय बदलतो का? उत्तर ‘हो’ आलं तरच नाव कागदावर घ्यायचं. या चाळणीतून ‘पानिपत’मधली नऊ नावं मी ठेवते : सदाशिवरावभाऊ, मल्हारराव होळकर, जनकोजी शिंदे, इब्राहिमखान गारदी, गोविंदपंत बुंदेले, सूरजमल जाट, नजीबखान रोहिला, अयोध्येचा नवाब शुजाउद्दौला आणि अहमदशहा अब्दाली. विश्वासराव का नाहीत? ते पेशव्यांचे पुत्र, त्यांच्या मरणाने सगळ्यांचं काळीज फाटतं. पण कुणाशी जोडायचं आणि कुणाला तोडायचं, हे ठरवतात भाऊ. म्हणून विश्वासरावांचं नाव भाऊंच्याच नावाखाली लहान अक्षरात लिहायचं.

आता नावं मांडताना एक मोह टाळायचा. डाव्या बाजूला मराठे, उजव्या बाजूला अब्दाली, असे दोन गोल काढू नका. तसं केलं की निकाल आधीच लावल्यासारखं होतं. नऊही नावं गोलाकार मांडा आणि मग रेघा ओढा. साथ असेल तर सरळ रेघ, वैर असेल तर नागमोडी रेघ, आणि साथ एखाद्या अटीवर टिकून असेल तर तुटक रेघ. प्रत्येक रेघेवर कारणाचा एकच शब्द लिहायचा : सूड, पैसा, मुलूख, वचन, धर्म. कारण सापडलं नाही तर समजावं की तो भाग नीट वाचून झालेला नाही, मागे जाऊन तेवढीच पानं पुन्हा बघावीत. शेजारी पान क्रमांक लिहिला, तर शोधायला सोपं जातं.

खरी गोम पुढे आहे. हा कागद एकदा काढून भागत नाही. गोष्टीत नाती बदलतात, म्हणून तो तीन वेळा काढायचा : सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी. ‘पानिपत’साठी जानेवारी १७६०, ऑगस्ट १७६० आणि जानेवारी १७६१ हे तीन मुक्काम मी धरते.

पहिला कागद. जानेवारी १७६० मध्ये यमुनेवरच्या बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले. त्यांच्यावर चालून आलेल्यांत नजीबचे रोहिले होते. म्हणून दत्ताजींचा पुतण्या जनकोजी आणि नजीब यांच्यात नागमोडी रेघ, वर शब्द ‘सूड’. नजीब ते अब्दाली सरळ रेघ. सूरजमल आणि मल्हारराव यांच्यातही नागमोडी रेघ, कारण १७५४ मध्ये सूरजमलच्या कुंभेर किल्ल्याच्या वेढ्यात मल्हाररावांचा मुलगा खंडेराव, म्हणजे अहिल्याबाईंचे यजमान, मारला गेला होता. शुजा आणि नजीब यांच्यात पण नागमोडी रेघ, कारण अयोध्येचे नवाब आणि रोहिले यांचं जुनं हाडवैर. शुजाच्या वडिलांनी तर रोहिल्यांशी लढायला मराठ्यांचीच मदत घेतली होती. म्हणून शुजा ते मराठे एक तुटक रेघ येते.

आणि मग येते सगळ्यांना बुचकळ्यात टाकणारी रेघ : मल्हारराव ते नजीब. १७५७ मध्ये नजीब मराठ्यांच्या हाती सापडला होता. तेव्हा मल्हाररावांनी मध्ये पडून त्याला सोडवलं, त्याला मुलासारखा मानला. म्हणजे इथे साथीची सरळ रेघ! अशा वेळी कुणीतरी विचारतंच, “मग मल्हारराव आपले की त्यांचे?” दोन गोलांच्या चित्रात या प्रश्नाला उत्तर नाही. रेघांच्या कागदात आहे. या रेघेवर कारण काय लिहाल? असं सांगितलं जातं की उत्तरेत नजीबसारखा शत्रू शिल्लक राहिला, तरच पेशव्यांना आपल्यासारख्या सरदारांची गरज राहील, असा त्यांचा हिशेब होता. म्हणजे कारणाचा शब्द ‘गरज’. तो लिहिला की लक्षात येतं, मल्हारराव ते भाऊ ही रेघसुद्धा पूर्ण सरळ नाही, ती तुटक आहे. एका रेघेचं कारण शोधताना दुसरी रेघ दुरुस्त झाली.

पहिला कागद लांब धरून बघा. आपल्या नऊ नावांत अब्दालीची पक्की रेघ एकच आहे, नजीबची. शुजा काठावर आहे. सूरजमल होळकरांवर नाराज असला, तरी अब्दालीचा मित्र नाही. म्हणजे या वेळी डाव मराठ्यांच्या हातचा गेलेला नाही.

दुसरा कागद, ऑगस्ट १७६०. भाऊंनी दिल्ली घेतली आहे, म्हणजे वरवर सगळं छान चाललंय. पण रेघा काय सांगतात? नजीबने स्वतः शुजाकडे जाऊन त्याला गळ घातली. धर्माची आण आणि वजिरीचं आश्वासन यांवर जुलै महिन्यात शुजा अब्दालीला मिळाला. मराठ्यांकडची तुटक रेघ पुसट झाली. सूरजमल शिंदे-होळकरांच्या हमीवर भाऊंच्या छावणीत आला होता. म्हणजे जुनी नागमोडी रेघ जामिनावर तुटक रेघ झाली होती. त्याचा सल्ला होता की बायका-मुलं, यात्रेकरू आणि जड तोफा मागे सुरक्षित ठेवाव्यात आणि गनिमी काव्याने लढावं. तो सल्ला मानला गेला नाही, दिल्लीच्या कारभारातही त्याचं चाललं नाही, आणि तो निघून गेला. तो अब्दालीकडे गेला नाही, हे लक्षात घ्या. रेघ पुसायची, नागमोडी करायची नाही. इथे फार जणी चुकतात. साथ सुटणं वेगळं आणि वैर धरणं वेगळं.

तिसरा कागद, जानेवारी १७६१. गोविंदपंत दुआबातून वसूल आणि धान्य पाठवायचे आणि अब्दालीची रसद तोडायचे. डिसेंबरमध्ये ते मारले गेले. त्यांचं नाव खोडलं की भाऊंच्या छावणीची चूल विझल्याचं दिसतं. छावणीच्या आतही एक नागमोडी रेघ आली आहे : इब्राहिमखान आणि मल्हारराव. एकाला तोफा आणि कवायती पायदळ घेऊन गोल बांधून लढायचं होतं, दुसऱ्याचा भरवसा घोडदळावर आणि जुन्या रीतीवर. इब्राहिमखान आधी निजामाच्या चाकरीत होता, तरी भाऊ ते इब्राहिमखान ही रेघ शेवटपर्यंत सरळ राहते. आणि शुजाकडून तहाची बोलणी चालू आहेत, म्हणून ती पुसट तुटक रेघ पुन्हा उमटते. पण नजीब तह होऊ देत नाही. पुढे लढाईनंतर याच शुजाने भाऊ आणि विश्वासरावांचे अंत्यसंस्कार व्हावेत म्हणून रदबदली केली. ती रेघ पुरती मेली नव्हती.

आता तिन्ही कागद शेजारी ठेवा. ज्या रेघा बदलल्या नाहीत, त्या सोडून द्या. बदललेल्या प्रत्येक रेघेसाठी एकच वाक्य लिहा. झाला तुमचा सारांश. बघा :

“नजीबखानाने अब्दालीला साथ दिली, आणि दत्ताजी पडल्यावर भाऊ मोठी फौज घेऊन उत्तरेत आले. ज्या नजीबला मल्हाररावांनी एकदा वाचवलं होतं, त्यानेच आपल्या जुन्या वैऱ्याला, शुजाला, अब्दालीकडे ओढलं. होळकरांचं वैर विसरून आलेला सूरजमल, सल्ला न मानल्यामुळे परत गेला. गोविंदपंत मारले गेले आणि छावणी उपाशी पडली. लढावं कसं, यावर आपल्याच सरदारांत एकमत झालं नाही. तहाची वाट नजीबने बंद केली. १४ जानेवारी १७६१ ला उपाशी फौज लढली आणि हरली. मल्हारराव रणातून निघून गेले, पण तोवर बाकीच्या रेघा आधीच तुटल्या होत्या.”

जेमतेम आठ वाक्यं. होळकरांची बाजू लपवली नाही आणि सगळा दोषही त्यांच्या माथी मारला नाही. सारांश जमला का, हे तपासायचं असेल तर कागद झाकून ठेवा आणि पुस्तक न वाचलेल्या बाईला तो सांगा. तिने “का?” विचारलं आणि तुम्हाला उत्तर देता आलं नाही, तर तिथे एक रेघ काढायची राहिली आहे.

या कागदात काय मावत नाही, तेही सांगते. यमुना ही माणूस नाही, म्हणून तिला रेघ नाही. पण ऑक्टोबरमध्ये अब्दाली बागपतजवळ नदी उतरून अलीकडे आला आणि दिल्लीकडची वाट अडली. हे समासात लिहून ठेवावं लागतं. पार्वतीबाई आणि छावणीतल्या हजारो बायका कुठलाच डाव ठरवत नाहीत, म्हणून आपल्या चाळणीतून त्या गळतात. तह मोडला, रसद तुटली, त्याची झळ मात्र सगळ्यांत आधी त्यांनाच लागते. म्हणून दहा मिनिटांतली आठ मिनिटं रेघांना द्या, आणि उरलेली दोन त्यांच्यासाठी राखून ठेवा. त्या दोन मिनिटांसाठी कादंबरीतलं तुम्हाला भिडलेलं एक पान निवडा आणि ते वाचूनच दाखवा.